फ्रँचायझीची फी भरण्याआधी करारात काय वाचायचं: राजारामपुरीतल्या एका चहाच्या दुकानाचा हिशोब

मी कोल्हापुरात करसल्लागार म्हणून काम करतो. कळंब्याचा एक तरुण फोनवर आलेला निरोप घेऊन माझ्याकडे आला होता. "दादा, आज संध्याकाळपर्यंत पन्नास हजार टोकन न्हाई भरलं तर कोल्हापूर शहर दुसऱ्याला देणार म्हणत्यात. भरू काय?" बाहेरच्या राज्यातली चहा-कॅफेची साखळी, राजारामपुरीत दोनशे चौरस फुटांचा गाळा आणि वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून येणारं भांडवल. मी त्याला एवढंच विचारलं, "करार वाचलास काय?" करार टोकन भरल्यावर मिळणार होता.

असे लोक वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतात, म्हणून या एका दुकानाचा हिशोब धरूनच लिहितो. कपड्यांचं, चष्म्याचं किंवा क्लासचं दुकान असलं तरी वाचायची कलमं जवळपास हीच असतात. फरक पडतो तिथे तसं सांगेन.

टोकनच्या आधी मसुदा

अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला पैसे घेण्याआधी किंवा सही घेण्याआधी किमान 14 दिवस एक सविस्तर माहितीपत्र द्यावं लागतं. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. 1872 चा करार कायदा, 1999 चा ट्रेडमार्क कायदा आणि करांचे नियम, एवढ्यावर सगळं चालतं. त्यामुळे कंपनी आपण होऊन काही सांगायला बांधील नसते. जे हवं ते आपणच मागून लेखी घ्यायचं असतं, आणि मागायची वेळ पैसे खिशात असतानाच असते.

टोकन घेताना एक पानाचं 'लेटर ऑफ इंटेंट' सही करायला देतात. ते पान साधं दिसतं, पण त्यात बहुधा दोन वाक्यं असतात: ही रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही, आणि अर्जदाराने कंपनीच्या ठरलेल्या नमुन्यातला करार इतक्या दिवसांत करायचा. म्हणजे न वाचलेला करार करण्याचं वचन आपण पन्नास हजारांना देऊन बसतो. त्या तरुणाला मी एक ईमेल लिहायला सांगितलं: कराराचा पूर्ण मसुदा सगळ्या परिशिष्टांसह पाठवा, पंधरा दिवस वाचायला द्या, आणि मसुद्यावर एकमत झालं नाही तर टोकन सात दिवसांत परत मिळेल असं त्या पत्रात लिहा. फोनवर बोलणारा विक्रेता आधी चिडला. दोन दिवसांनी मसुदा आला. शहर कुणी नेलं नव्हतं.

करार कुणाशी, आणि नाव कुणाचं

मसुदा हातात आल्यावर पहिलं पान आणि सहीचं पान शेजारी ठेवा. करार करणारी कंपनी, जिच्या खात्यात पैसे जाणार ती आणि जिच्या नावाने जीएसटीचं बिल येणार ती एकच आहे का, ते बघा. `mca.gov.in` वर कंपनीचं नाव टाकलं की स्थापनेची तारीख, भांडवल आणि संचालकांची माहिती दिसते. `gst.gov.in` वर जीएसटी क्रमांक टाकला की तो कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की रद्द झालाय, तेही कळतं. पैसे एखाद्या व्यक्तीच्या बचत खात्यावर मागितले तर तिथेच थांबायचं.

आपण ज्या नावासाठी पैसे मोजतोय ते नाव तरी त्या कंपनीचं आहे का, हा त्याहून मोठा प्रश्न. `ipindia.gov.in` वर ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध आहे. नाव टाकायचं आणि वर्ग निवडायचा. हॉटेल-कॅफेची सेवा 43 व्या वर्गात येते, चहापूड-बिस्किटं 30 व्या, कपडे 25 व्या. तिथे स्थिती `Registered` दिसली तर नोंदणी झालेली आहे. ती अर्जाच्या तारखेपासून 10 वर्षं टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येतं. `Objected` म्हणजे कार्यालयाने हरकत काढलीय. `Opposed` म्हणजे दुसऱ्या कुणीतरी विरोध नोंदवलाय. पाटीवर TM लिहिलं असलं तरी नोंदणी झाली असं ठरत नाही, ® मात्र नोंदणी झालेल्या नावालाच लावता येतं. नोंदणी नसताना ते चिन्ह लावणं हा ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 107 खाली गुन्हा आहे.

आमच्या प्रकरणात नाव 30 व्या वर्गात नोंदलेलं होतं, म्हणजे चहापुडीच्या पाकिटासाठी. कॅफेसाठी लागणाऱ्या 43 व्या वर्गात अर्ज `Objected` होता. आणि अर्जदार कंपनी नव्हतीच. तो तिच्या संस्थापकाने स्वतःच्या नावाने केलेला होता. हरकत निघणं नेहमीचं आहे, पुष्कळ अर्ज पुढे पारही पडतात, त्यामुळे एवढ्यावरून व्यवहार मोडायची गरज नाही. पण उद्या अर्ज फेटाळला गेला आणि नाव बदलावं लागलं तर नवी पाटी, नवे कप, नवी रंगरंगोटी यांचा खर्च कुणाचा? संस्थापक कंपनीतून बाहेर पडला तर? म्हणून दोन गोष्टी लेखी मागितल्या. एक, संस्थापकाने कंपनीला नाव वापरायचा आणि पुढे फ्रँचायझीला देण्याचा अधिकार दिल्याचं पत्र, कराराला जोडलेलं. दोन, नावाच्या वादामुळे बदल करावा लागला तर तो खर्च कंपनी सोसेल, आणि दुकान बंद करायची वेळ आली तर उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात फी परत मिळेल, असं कलम.

माहितीपुस्तिकेतला गल्ला करारात शोधा

पुस्तिकेत रोजचा गल्ला आठ हजार आणि 'दीड वर्षात भांडवल वसूल' असं छापलं होतं. करारात मात्र शेवटून दुसऱ्या पानावर एक कलम होतं: हा करार म्हणजेच दोन्ही पक्षांतली संपूर्ण समजूत, याआधीचं सगळं तोंडी आणि लेखी बोलणं रद्द, आणि फ्रँचायझी घेणाऱ्याने विक्रीच्या कोणत्याही अंदाजावर विसंबून हा करार केलेला नाही.

सबंध करारातलं सगळ्यात महागडं वाक्य मला हेच वाटतं. खोटं सांगून किंवा चुकीचं चित्र दाखवून करायला लावलेला करार रद्द करून घ्यायची सोय करार कायद्याच्या कलम 17 ते 19 मध्ये आहे. पण आपणच सही करून 'मी त्या आकड्यांवर विसंबलो नाही' असं लिहून दिलं, तर पुढे उलट सिद्ध करणं फार जड जातं. पुस्तिकेतले आकडे खरे असतील तर कंपनीने ते परिशिष्ट म्हणून जोडावेत: कोणत्या शहरातली किती दुकानं, कोणत्या महिन्यांतली विक्री. जोडायला नकार आला, तर तो आकडा हिशोबातून काढून टाकायचा आणि स्वतःचा आकडा आणायचा.

स्वतःचा आकडा मिळतो कसा? सांगली, सातारा, बेळगाव अशा आपल्यासारख्या शहरांतली त्यांची चालू दुकानं कंपनीकडून घ्या, आणि बंद पडलेल्यांची यादीही मागा. दुसरी यादी सहसा देत नाहीत. मग नकाशावर जुन्या शाखांची नावं शोधून, जाऊन यायचं. हा मुलगा मोटरसायकलवर सांगली आणि निपाणीला जाऊन आला. दोन्हीकडे एक-एक दिवस बसला आणि बिलं मोजली. रोजचा गल्ला निघाला पाच हजारांच्या आसपास.

रॉयल्टी टक्क्यांत वाचू नका, रुपयांत मांडा

करारातले आकडे असे होते. फ्रँचायझी फी तीन लाख अधिक 18 टक्के जीएसटी. विक्रीवर 6 टक्के रॉयल्टी, पण महिन्याला किमान 12 हजार. जाहिरातीसाठी आणखी 2 टक्के. चहाचा मसाला, पावडर, कप, फ्रोझन पदार्थ सगळं कंपनीकडूनच घ्यायचं, आणि सांगली-निपाणीच्या बिलांवरून तो खर्च विक्रीच्या 42 टक्के पडत होता.

पाच हजारांनी महिन्याची विक्री दीड लाख होते. 6 टक्क्यांनी रॉयल्टी नऊ हजार आली असती, पण किमान रकमेमुळे बारा हजार भरावे लागणार. जाहिरातीचे तीन हजार धरून पंधरा हजार, आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 2,700. एकूण 17,700. कागदावर 6 अधिक 2 म्हणजे 8 टक्के दिसतात. हातातून जातात 11.8 टक्के. किमान रॉयल्टी कुठपर्यंत चावते हे काढायला ती रक्कम टक्क्यांनी भागायची: 12 हजार भागिले 6 टक्के, म्हणजे दोन लाख. महिन्याची विक्री दोन लाखांच्या खाली राहिली की आपली रॉयल्टी सहा टक्के राहत नाही.

पुढचा हिशोब त्याने माझ्यासमोर बसूनच मांडला. माल 63 हजार, रॉयल्टी वगैरे 17,700, गाळ्याचं भाडं 25 हजार, दोन पोरांचा पगार 30 हजार, वीज-गॅस आणि किरकोळ 10 हजार. बेरीज 1,45,700. दीड लाखातून उरले 4,300, आणि त्यात तो स्वतः रोज बारा तास उभा राहणार. पुस्तिकेतल्या आठ हजारांच्या गल्ल्यावर हाच हिशोब केला तर महिन्याला 51 हजारांच्या वर उरतात. पुस्तिकेतलं गणित चुकीचं नव्हतं, फक्त गल्ला त्यांचा होता.

इथे जीएसटीचा एक मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो. कॅफे-हॉटेलला ग्राहकाकडून 5 टक्के कर घ्यायचा असतो आणि त्या पद्धतीत खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. कंपोझिशन, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची ठोक कराची योजना, घेतली तरी मिळत नाही. म्हणून फीवरचे 54 हजार आणि दर महिन्याचा रॉयल्टीवरचा कर, सगळा खर्चच. कपड्याचं दुकान नेहमीच्या जीएसटीत असेल तर ही वजावट मिळते. विक्रेता फोनवर 'जीएसटी तर परत मिळतो' म्हणाला, तर तो कोणत्या धंद्याबद्दल बोलतोय हे विचारा.

'विक्री' या शब्दाची व्याख्याही बघा. ती कराच्या आधीची की कर धरून? घरपोच ॲपवर दोनशेचं बिल झालं आणि ॲपने पन्नास कापून घेतले, तर रॉयल्टी दोनशेवर की दीडशेवर? आमच्या मसुद्यात 'ग्राहकाला आकारलेली एकूण रक्कम' असं होतं, म्हणजे सरकारच्या करावरही रॉयल्टी आणि ॲपने कापून घेतलेल्या कमिशनवरही.

आणि कंपनीच्या मालाचा दर. मसुद्यात लिहिलं होतं, दर कंपनी 'वेळोवेळी' ठरवेल. दर दहा टक्क्यांनी वाढले तर 63 हजारांचे 69,300 होतात आणि उरलेले 4,300 जाऊन दोन हजारांचा तोटा येतो. ब्रँडची चव ज्यावर टिकते तो मसाला आणि पावडर कंपनीकडूनच घेणं योग्य आहे. पण कप, साखर, दूध, खारीही त्यांच्याकडूनच का? आजची दरयादी परिशिष्ट म्हणून जोडायची, वर्षातून एकदाच आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत वाढ, आणि माल सात दिवसांत आला नाही तर स्थानिक बाजारातून त्याच दर्जाचा घ्यायची मुभा, हे तीन मुद्दे आम्ही लिहून पाठवले.

हद्द

'कोल्हापूर' एवढाच शब्द करारात पुरत नाही. शहर, तालुका की जिल्हा? आमच्या मसुद्यात हक्क 'गाळ्याच्या पत्त्यापुरता' होता, म्हणजे कंपनी समोरच्या गल्लीत दुसरं दुकान देऊ शकली असती. त्याने नकाशा काढून कावळा नाक्यापासून विद्यापीठापर्यंतचा पट्टा रंगवला. कराराला असा नकाशाच जोडा आणि त्या हद्दीत कंपनीने ॲपवर फक्त घरपोच विकणारं स्वयंपाकघरही काढू नये असं स्पष्ट लिहून घ्या. हल्ली हद्दीचे तंटे दुकानापेक्षा त्यावरूनच होतात.

दोन करारांच्या मुदती

आपल्याकडे गाळामालक अकरा महिन्यांचा करार करायला बघतात. फ्रँचायझी मात्र तीन किंवा पाच वर्षांची. मालकाने अकरा महिन्यांनी गाळा सोडायला सांगितला, तर फ्रँचायझी करारात तो आपला कसूर धरला जातो, आणि नव्या जागेची परवानगी म्हणून पुन्हा फी मागतात. आधी मालकाशी फ्रँचायझीएवढ्या मुदतीचा लिव्ह अँड लायसन्स करा आणि तो नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार नोंदणी सक्तीचीच आहे. लॉक-इन, म्हणजे करार मध्येच सोडता येत नाही तो काळ, मात्र दोन्हीकडे जुळवून घ्या: फ्रँचायझीतून एका वर्षाने बाहेर पडता येत असेल आणि गाळ्याचा लॉक-इन तीन वर्षांचा असेल, तर बंद दुकानाचं भाडं आपण भरत राहतो.

बाहेर पडायचं कलम, आणि कोरे चेक

करार संपवायचं कलम वाचताना दोन रकाने करा: कंपनी कधी संपवू शकते, आपण कधी. मसुद्यात कंपनीला 30 दिवसांच्या नोटिशीवर कारण न देता संपवता येत होतं. आपल्याला तीन वर्षं अजिबात नाही, आणि मध्येच सोडलं तर उरलेल्या सगळ्या महिन्यांची किमान रॉयल्टी दंड म्हणून भरायची. बाराव्या महिन्यात दुकान बंद केलं तर 24 महिन्यांचे 12 हजारांनी 2,88,000. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे न्यायालय करारात लिहिलेल्या रकमेपर्यंत, पण वाजवी एवढीच भरपाई देतं. लिहिलेला आकडा आपोआप मिळत नाही. तरी हे कोर्टात जाऊन सिद्ध करायचं असतं, म्हणून आकडा सहीच्या आधीच कमी करून घ्यावा. आपण तीन महिन्यांची नोटीस देऊन सोडू शकू, डिपॉझिट 30 दिवसांत परत मिळेल आणि मशिन्स ठरलेल्या घसाऱ्याने कंपनी परत घेईल, हे मागायला काहीच हरकत नाही.

करार संपल्यावर दोन-तीन वर्षं 'तत्सम धंदा करणार नाही' असं कलम असतंच. मुदत चालू असताना ते पाळावं लागतं. संपल्यानंतरचं असं बंधन करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. त्यांचं नाव, पाटी आणि गुप्त पाककृती वापरायला मात्र तेव्हाही मनाई राहते.

मला खरी भीती वाटते ती कोऱ्या चेकची. 'सिक्युरिटी' म्हणून सही केलेले तीन कोरे चेक मागितले होते. सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी तो देण्यापोटीच दिला असं कायदा आधी गृहीत धरतो, आणि न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 चा फौजदारी खटला उभा राहतो. उलट सिद्ध करायची जबाबदारी आपली. ज्यांचे चेक असे वापरले गेले त्यांची झोप उडालेली मी पाहिली आहे. चेक देऊ नका. अगदीच अडलं तर रक्कम आणि तारीख भरलेला एकच द्या, आणि त्याचा क्रमांक, रक्कम, कशासाठी दिला हे करारातच लिहून घ्या.

वाद झाला तर कुठे

लवाद कंपनीच्या शहरात आणि लवाद नेमणार कंपनीच, असं मसुद्यात होतं. वादात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमणं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच अमान्य ठरवलं आहे, तरी जुने मसुदे तसेच फिरतात. लवादाचं 'स्थान' कोल्हापूर लिहून घ्या, कारण निवाड्याला आव्हान त्या ठिकाणच्या न्यायालयात द्यावं लागतं. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय. करारात परराज्यातलं शहर लिहिलं असेल तर त्याचा आपल्याला काही उपयोग नाही.

पाच आठवडे ईमेल चालले. कंपनीने संस्थापकाचं पत्र जोडलं, पहिले बारा महिने किमान रॉयल्टी सोडली, 'विक्री'तून कर वगळला, कप-साखर-दूध मोकळं केलं आणि नकाशाची हद्द मान्य केली. लवादाचं स्थान दिलं नाही, फक्त सुनावणी व्हिडिओवर घ्यायला तयार झाली. कोऱ्या चेकवर ते शेवटपर्यंत अडले, तेव्हा त्याने डिपॉझिट पंचवीस हजारांनी वाढवून दिलं आणि चेक दिले नाहीत. त्याने गाळामालकाशी बोलून भाडं 25 हजारांवरून 21 हजारांवर आणलं, आणि दोघांच्या जागी एकच पोरगा ठेवून दुसरीकडे भाऊ उभा राहणार असं ठरवलं. पाच हजारांच्या गल्ल्यावर तो हिशोब मग चालण्यासारखा झाला. फी तीन हप्त्यांत ठरली: एक लाख सहीच्या दिवशी, एक लाख मशिन्स गाळ्यात बसल्यावर आणि शेवटचा लाख पहिलं बिल फाडल्याच्या दिवशी.